अवतार आणि ख्रिस्ताचे देहधारण : पदवीच्या निबंधासाठी मदत हवी आहे

मीरा_कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी मूळची सांगलीची. सध्या आयर्लंडमध्ये तौलनिक धर्मशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ३००० शब्दांचा निबंध लिहायचा आहे आणि प्रश्न असा आहे : ‘अवतार’ आणि ख्रिस्ती ‘इन्कार्नेशन’ हे शब्द एकमेकांचे भाषांतर म्हणून चालतील का?

पहिला मसुदा मी दिला होता. त्यात एक वाक्य होतं, की कृष्णाचा देह मायेचा आहे आणि येशूचा देह खरा हाडामांसाचा, म्हणून हे शब्द भाषांतर म्हणून चालणार नाहीत. प्राध्यापकांनी त्या वाक्याखाली रेघ मारून समासात एवढंच लिहिलं : ‘हे कोणाचं मत? सगळ्या हिंदूंचं?’ तेव्हापासून मी अडकले आहे. घरी आजी रोज हरिपाठ म्हणायची, गीतेचा चौथा अध्याय मला पाठ आहे, पण ‘कोणाचं मत’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

दशावतारांचा आढावा घ्यायचा नाही. कृष्ण आणि येशू एवढेच धरायचे आहेत. काय वाचू, कुठून सुरुवात करू?

शेखर_ठाणे

मीरा, यात एवढं अडण्यासारखं काही नाही. तीन फरक लिही. एक, अवतार अनेक आणि ख्रिस्त एकच. गीतेतच आहे, ‘बहूनि मे व्यतीतानि जन्मानि’. दोन, अवतार धर्मसंस्थापनेसाठी आणि ख्रिस्त पापाच्या क्षमेसाठी. तीन, अवतार ‘आत्ममायया’, म्हणजे मायेने, तर ख्रिस्त खरोखर जन्मला. तुझं वाक्य बरोबरच होतं. गीता ४.६ चा संदर्भ दे आणि पुढे जा. श्लोकातच ‘माया’ शब्द असल्यावर कोणाचं मत हा प्रश्न येतोच कुठे?

नर्मदेहर

कृष्ण आणि ख्रिस्त हे मुळात एकच नाव आहे हे कोणी लक्षात घेत नाही. उच्चार बघा. दोघेही गुराख्यांमध्ये आणि मेंढपाळांमध्ये, दोघांच्याही जन्माच्या वेळी राजाने बालकं मारली. निबंधाची सुरुवात इथून करा.

गोदातीर

नर्मदेहर, नावाचं तेवढं सोडून द्या. ‘ख्रिस्त’ हे ग्रीक भाषांतर आहे, ‘मशीहा’ या हिब्रू शब्दाचं. अर्थ ‘अभिषेक झालेला’. ‘कृष्ण’ म्हणजे काळा, सावळा. दोन शब्दांचा संबंध नाही आणि परीक्षक पहिल्याच परिच्छेदाला निबंध बाजूला ठेवेल. कंस आणि हेरोद यांच्या कथांमधलं साम्य खरं आहे, पण ते कथेचं साम्य. मीराचा प्रश्न देहाचा आहे.

शेखरराव, तुमचा पहिला मुद्दा बरोबर, दुसरा बराचसा बरोबर, पण तिसऱ्यात गफलत आहे, आणि मीराच्या प्राध्यापकांचं बोट नेमकं तिथेच आहे. श्लोकात ‘माया’ आहे हे खरं. पण माया म्हणजे काय, यावर आचार्यांचं एकमत नाही.

मी ३० वर्षं संस्कृत शिकवलं, तेव्हा थोडं सविस्तर लिहितो.

श्लोक असा : ‘अजोऽपि सन्नव्ययात्मा भूतानामीश्वरोऽपि सन् । प्रकृतिं स्वामधिष्ठाय सम्भवाम्यात्ममायया ॥’ आधी हे पाहा, की इथे ‘अवतार’ हा शब्दच नाही. अख्ख्या गीतेत तो नाही. इथे क्रियापद आहे ‘संभवामि’, मी होतो, जन्मतो.

शंकराचार्य यावर लिहितात, ‘देहवान् इव भवामि, जात इव’. देह असल्यासारखा, जन्मल्यासारखा. खरोखर लोकांसारखा नव्हे. सगळा भार त्या ‘इव’वर आहे. मीराचं वाक्य त्यांच्या नावावर घातलं तर बरंचसं टिकेल.

रामानुजाचार्य त्याच श्लोकावर वेगळं सांगतात. ते मायेचा अर्थ ‘ज्ञान’ असा घेतात. जुन्या कोशात तसा अर्थ आहे. म्हणजे भगवंत स्वतःच्या संकल्पाने, स्वतःच्याच रूपाने, स्वतःच्या इच्छेने येतो. देह भासमान नाही, पूर्ण खरा आहे. पण तो आपल्या देहासारखा त्रिगुणांच्या मातीचा नाही; तो अप्राकृत आहे, दिव्य आहे. मीराचं वाक्य इथे साफ खोटं ठरतं.

आणि आपले ज्ञानेश्वर महाराज? त्यांनी आरशाचा दृष्टांत दिला आहे. आरशामुळे एकाचे दोन दिसतात, वस्तुविचाराने दुसरं काही नसतं. आणि मग म्हणतात, मी अमूर्तच आहे, पण प्रकृतीचा आधार घेतो तेव्हा कार्यासाठी ‘साकारपणें नटें नटीं’. नट सोंग घेतो तसं. हे शंकराचार्यांच्या बाजूला झुकणारं आहे. मीराच्या आजीच्या तोंडी जे असेल ते बहुधा यातूनच आलेलं.

तेव्हा प्राध्यापकांना उत्तर असं : ‘शंकराचार्यांचं मत, ज्ञानेश्वरीतही त्याचा सूर, रामानुजांचं मात्र नव्हे.’

मीरा_कृष्णाकाठ

सर, डोळे उघडले. मी ‘अप्राकृत’ हा शब्द कीर्तनात ऐकला होता, पण तो एवढा वजनदार असेल असं वाटलं नव्हतं.

पण मग पुढचा प्रश्न उभा राहतो. रामानुजांचं धरलं तर कृष्णाचा देहही खरा आणि येशूचाही खरा. मग फरक राहिला कुठे? की दोन्ही शब्द एकमेकांचे भाषांतर होतात असं लिहू?

बावखल

मी वसईचा. काही वर्षं पाद्री घडवणाऱ्या सेमिनरीत होतो, नंतर सोडलं, आता शाळेत शिकवतो. ख्रिस्ती बाजू थोडी मांडतो.

मीराताई, तुमचा प्रश्न चांगला आहे, कारण ‘खरा की भासमान’ एवढाच काटा लावला तर आमच्या बाजूचं म्हणणं निम्मंच हाती येतं. तो वाद आमच्याकडे अगदी सुरुवातीला झाला. काही जण म्हणत होते की देवाला भूक कशी लागेल, रक्त कसं येईल, तेव्हा ख्रिस्ताने देह घेतल्यासारखं नुसतं दिसलं. ग्रीकमधल्या ‘दिसणे, वाटणे’ या क्रियापदावरून त्यांना डोसेटिस्ट म्हणतात. अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस, दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा, रोमला मृत्युदंडासाठी नेत असताना वाटेतून पत्रं लिहितो आणि त्यात विचारतो की त्याचं दुःख दिसण्यापुरतंच होतं, तर या माझ्या बेड्यासुद्धा दिसण्यापुरत्याच का? सेमिनरीत हे पत्र वाचलं त्या दिवशी मला झोप आली नव्हती.

पण वाद तिथे संपला नाही. देह खरा आहे हे ठरल्यावर पुढचा प्रश्न आला : कोणाच्या जातीचा खरा? इ. स. ४५१ मध्ये खाल्केदोन इथल्या बिशपांच्या परिषदेने त्याचं उत्तर शब्दांत बांधलं. देवपणाने तो पित्याशी एकतत्त्व आणि माणूसपणाने आपल्याशी एकतत्त्व, पाप सोडून सर्व बाबतींत आपल्यासारखा. दोन स्वभाव, त्यांची मिसळ नाही, बदल नाही, फाळणी नाही, ताटातूट नाही.

‘आपल्याशी एकतत्त्व’ हे शब्द रामानुजांच्या ‘अप्राकृत’समोर ठेवा. देह दोन्हीकडे खरा. पण तिकडे तो आपल्या मातीचा नाही म्हणून गौरव आहे आणि इकडे तो आपल्याच मातीचा आहे म्हणून तारण आहे. माझ्या मते तुमचा निबंध इथे आहे.

एक सावधगिरी. खाल्केदोन सगळ्यांनी मानलं असं लिहू नका. कॉप्टिक, आर्मेनियन आणि सिरियन ऑर्थोडॉक्स चर्चने ते स्वीकारलं नाही; केरळातले मलंकरा ऑर्थोडॉक्सही त्याच परंपरेतले. पण माणूसपण खरं आणि आपल्यासारखं, यावर त्यांचाही वाद नाही.

शेखर_ठाणे

हे मला नवीन आहे. पण मातीचा असला काय, नसला काय, त्याने काय बिघडतं? देव आला, काम केलं, गेला. देहाच्या घटकांवर एवढी परिषद कशाला?

बावखल

शेखरभाऊ, कारण आमच्याकडे देह हे कामाचं साधन नाही, देहालाच बरं करायचं आहे. चौथ्या शतकात अपोलिनारिस नावाच्या बिशपने म्हटलं की ख्रिस्तात मानवी बुद्धीच्या जागी देवाचा शब्द, म्हणजे देवाचा पुत्रच, होता. त्यावर नाझियानझचा ग्रेगरी एका पत्रात उत्तर देतो, आणि ते सगळीकडे उद्धृत होतं : जे त्याने स्वतःवर घेतलं नाही, ते बरं झालं नाही. बुद्धी घेतली नसेल तर माणसाची बुद्धी तशीच आजारी राहिली. देह वेगळ्या मातीचा असेल तर आपली माती तशीच राहिली.

योहानाच्या शुभवर्तमानात मराठीत ‘शब्द देही झाला’ असं आहे. ‘देहात आला’ नाही, ‘देही झाला’.

गोदातीर

बावखल, फार नेमकं लिहिलंत. आमच्याकडे गीता लगेच पुढे, ४.९ मध्ये सांगते की माझं दिव्य जन्म आणि कर्म जो तत्त्वतः जाणतो तो पुन्हा जन्माला येत नाही. म्हणजे मुक्ती जाणण्याने. तो जन्म ‘दिव्य’ आहे हेच तर जाणायचं आहे. देह आपल्यासारखा असण्याची तिथे गरजच पडत नाही. उलट तो आपल्यासारखाच आहे असं समजणाऱ्याला ९.११ मध्ये मूढ म्हटलं आहे.

मीरा, आता एक उदाहरण धर आणि त्यावर सगळा भार टाक. मी अंताचं सुचवीन. आपण मराठीत ‘अवतारसमाप्ती’, ‘अवतारकार्य संपवलं’ असं सहज म्हणतो. कृष्णाची अवतारसमाप्ती दोन ग्रंथांत दोन प्रकारे आली आहे.

महाभारतात मौसलपर्व आहे. यादव आपसांत लढून संपले, बलराम गेला, कृष्ण वनात योगस्थ होऊन पडला आणि जरा नावाच्या व्याधाने हरीण समजून बाण मारला. तो तळव्यात शिरला. व्याध जवळ येऊन पाहतो तर पीतांबरधारी पुरुष. कृष्ण त्याला धीर देतो आणि तेजाने आकाश व्यापत वर जातो. इथवर सगळ्यांना माहीत असतं. पण पुढे द्वारकेला अर्जुन येतो, आणि बलराम आणि वासुदेव या दोघांची शरीरं शोधून विश्वासू माणसांकडून त्यांचं दहन करवतो. ‘शरीरे’ असं स्वच्छ द्विवचन आहे. देह मागे राहिला आणि त्याला अग्नी दिला गेला.

भागवताचा ११वा स्कंध उघड. तिथे ३१व्या अध्यायात कृष्ण निजधामाला जातो आणि श्लोकात येतं, ‘योगधारणयाऽऽग्नेय्यादग्ध्वा धामाविशत् स्वकम्’. आता गंमत नव्हे, खरोखरची अडचण पाहा. संधी सोडवायचा कसा? ‘आग्नेय्या दग्ध्वा’ असा सोडवला तर आग्नेयी योगधारणेने देह जाळून तो स्वधामाला गेला. ‘आग्नेय्या अदग्ध्वा’ असा सोडवला तर देह न जाळता गेला. अक्षरं तीच. एका ‘अ’वर अवताराच्या देहाचं सगळं तत्त्वज्ञान टांगलेलं आहे.

भागवताचे जुने टीकाकार श्रीधरस्वामी ‘अदग्ध्वा’ घेतात. त्यांचं म्हणणं असं की योगी स्वतःचा देह योगाग्नीत जाळून जातात, भगवान तसा गेला नाही, तो त्याच तनूसह वैकुंठात गेला. कारण ती तनू जगाचा आश्रय आहे, ती जळाली तर जगच जळेल. एकनाथ महाराजांची टीका याच स्कंधावर आहे, १५७३ मध्ये वाराणसीत पुरी झालेली, आणि नाथ श्रीधरांना फार मानतात. ३१वा अध्याय मराठीतून वाच, तुझ्या आजीलाही फोनवर वाचून दाखव.

अबोली

मध्येच बोलते, क्षमस्व. आमच्या घरी दत्तसंप्रदाय आहे, माहेर नृसिंहवाडीजवळचं. गुरुचरित्रात नृसिंहसरस्वती गाणगापुराहून पुष्पांच्या आसनावर बसून नदीतून जातात, आणि पोहोचल्याची खूण म्हणून फुलं परत येतात. आम्ही त्याला ‘निजगमन’ म्हणतो, मृत्यू कधीच म्हणत नाही. माझे वडील गेल्या वर्षी गेले, तेव्हा सप्ताहात तो अध्याय वाचताना मला रडू आवरेना, कारण महाराज गेले पण देह दिसला नाही आणि बाबांचा मात्र दिसत होता. मीराला याचा उपयोग आहे का माहीत नाही. पण वर बावखल यांनी ‘आपल्याच मातीचा’ असं लिहिलं ते वाचून मी थांबले.

बावखल

अबोलीताई, वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. आमच्याकडे गुड फ्रायडेला क्रूसाचं चुंबन घेतात. माझी आजी त्या दिवशी जमिनीवर बसायची, जसं घरात कोणी गेल्यावर बसतात तसं. तिला धर्मशास्त्र माहीत नव्हतं. पण कोणीतरी खरोखर गेलं आहे एवढं तिला पक्कं होतं.

मीरा_कृष्णाकाठ

अबोलीताई, उपयोग आहे. ‘निजगमन’ हा शब्द मी वापरणार आहे, तुमची हरकत नसेल तर.

गोदातीर सर, श्रीधरांचं मत वाचून मी पुन्हा गोंधळले. कृष्ण देहासह वैकुंठात गेला असेल तर तेही ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणासारखंच झालं की! ‘अवतार देह टाकतो, ख्रिस्त टाकत नाही’ असं मी कालच लिहून ठेवलं होतं.

गोदातीर

ते वाक्य खोड. मौसलपर्वाला ते लागू आहे, श्रीधरांच्या भागवताला नाही. पण फरक पुसला गेला असंही नाही. तो कुठे सरकला ते बावखल सांगतील.

बावखल

प्रयत्न करतो. दोघेही देहासह गेले असं धरू. मग विचारा, तो देह मेला होता का?

श्रीधरांचा कृष्ण मरत नाही. त्याच तनूत राहून जातो. व्याधाचा बाण हे निमित्त आहे. येशूच्या बाबतीत आमच्या श्रद्धावचनात तीन क्रियापदं ओळीने आहेत : क्रूसावर खिळला गेला, मेला, पुरला गेला. ‘पुरला गेला’ हे मुद्दाम आहे. योहानात शिपाई कुशीत भाला खुपसतो तेव्हा रक्त आणि पाणी बाहेर येतं. आणि पुनरुत्थानानंतर लूक सांगतो की शिष्यांना तो भूत वाटला, तेव्हा त्याने हातपाय दाखवले, ‘मला हाडंमांस आहे’ म्हणाला, आणि भाजलेल्या माशाचा तुकडा त्यांच्यासमोर खाल्ला. शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला तो जखमांमध्ये बोट घालायला सांगतो. जखमा भरून गेलेल्या नाहीत. जो देह मेला तोच उठला, खुणांसकट, आणि तोच वर गेला. आमच्या मते तो आजही माणूस आहे. समाप्ती नाहीच.

म्हणून कृष्णाच्या देहाला अग्नीचा स्पर्श झाला नाही यात श्रीधरांना गौरव दिसतो आणि येशूच्या देहाला भाल्याचा झाला यात आम्हाला.

रामटेक

सगळं वाचलं. पण तुम्ही कृष्ण घेतलात म्हणून हे एवढं सरळ जमतंय. राम घ्या. वाल्मीकींच्या युद्धकांडात सीतेच्या अग्निपरीक्षेच्या वेळी देव येऊन रामाला सांगतात तू देवगणांमध्ये श्रेष्ठ आहेस, आणि राम म्हणतो, ‘आत्मानं मानुषं मन्ये रामं दशरथात्मजम्’. मी स्वतःला माणूस समजतो, दशरथाचा मुलगा. हे नाटक म्हणायचं का?

आणि रावणाचा वर आठवा. देव, दानव, यक्ष सगळ्यांपासून अवध्यत्व मागितलं, माणसाला तुच्छ समजून सोडलं. म्हणजे त्याला माणसानेच मारणं भाग आहे. राम नुसता माणसासारखा दिसत असेल तर वर मोडला. कथेलाच रामाचं माणूसपण खरं लागतं. मग ‘अवताराला आपल्यासारखं असण्याची गरज नाही’ हे गोदातीर यांचं विधान सगळ्या अवतारांना कसं लावायचं?

गोदातीर

रामटेक, तुमचा आक्षेप खरा आहे आणि माझं वाक्य मी गीतेपुरतं मर्यादित करतो. टीकाकार त्या श्लोकाला ‘नरनाट्य’ म्हणून बाजूला सारतात, पण वाल्मीकींच्या ओळीत नाट्याची खूण नाही हे मलाही मान्य आहे.

तरी एक शंका ठेवतो. रामाचं माणूसपण लागतं ते रावणाला मारण्यासाठी. आपलं माणूसपण बरं करण्यासाठी नव्हे. गरज दोन्हीकडे आहे, गरजेचं कारण वेगळं आहे.

रामटेक

कारण वेगळं, मान्य. पण ‘मी माणूस समजतो’ म्हणणारा राम आणि शेवटच्या दिवसाबद्दल ‘ती घटका पुत्रालाही ठाऊक नाही’ म्हणणारा मार्काच्या शुभवर्तमानातला येशू मला एकमेकांच्या फार जवळ वाटतात. कृष्णापेक्षा पुष्कळ जवळ. टीकाकारांनी दोन्हीकडे त्या ओळींवर मेहनत घेतली आहे, कारण दोन्हीकडे त्या टोचतात. मीरा, जमलं तर एक परिच्छेद याला दे.

शेखर_ठाणे

मी माझा तिसरा मुद्दा मागे घेतो. पण एक विचारतो. शंकराचार्यांना ‘डोसेटिस्ट’ म्हटलेलं चालेल का? ‘जात इव’ आणि ‘दिसण्यापुरतं’ एकच ना? मीराला एका शब्दात काम होईल.

गोदातीर

नाही, शेखरराव, आणि हे मीराने नक्की लिहावं, कारण ही चूक फार जण करतात. डोसेटिस्ट म्हणतो की जग आहे, तुमचे आमचे देह आहेत, फक्त ख्रिस्ताचा देह दिसण्यापुरता. कारण त्याला मातीचा विटाळ वाटतो. शंकराचार्यांच्या परमार्थदृष्टीत अर्जुनाचा देहही मायेतलाच, रथही, कुरुक्षेत्रही. कृष्णाचा देह एकटा खोटा आणि बाकी सगळं खरं, असं ते म्हणतच नाहीत. फरक एवढाच की जीव मायेच्या अधीन आहे आणि ईश्वराच्या अधीन माया आहे. इग्नेशियसने त्यांना विचारलं असतं, ‘माझ्या बेड्याही दिसण्यापुरत्याच का?’ तर डोसेटिस्ट गप्प बसला असता. शंकराचार्य म्हणाले असते, ‘हो, परमार्थतः त्याही.’

मीरा_कृष्णाकाठ

हे शेवटचं मी जसंच्या तसं प्राध्यापकांना सांगणार आहे.

आत्तापर्यंतचा आराखडा : सुरुवात ४.६ वरच्या दोन भाष्यांनी. मग ‘खरा की भासमान’ हा काटा अपुरा का, आणि ‘आपल्या मातीचा का’ हा काटा कुठून येतो, तिथे खाल्केदोन आणि ग्रेगरी. मधला मोठा भाग दोन अंतांचा : मौसलपर्वातलं दहन, भागवतातला तो ‘अ’, आणि भाजलेला मासा. मग रामटेक यांचा आक्षेप, उत्तर न देता. भाषांतराबद्दल माझं म्हणणं असं की ‘अवतार’ शब्द वापरला तर मराठी वाचक समाप्तीची वाट पाहतो, आणि ख्रिस्ती श्रद्धेत ती येत नाही. म्हणून ‘देहधारण’ बरा. चालेल?

बावखल

‘देहधारण’मध्येही एक खोच आहे. धारण केलेलं उतरवता येतं, जसं वस्त्र. ‘देही झाला’ यात उतरवायची सोय नाही. पण आमच्या मंडळींत रूढ शब्द तोच आहे, तेव्हा तो वापरा आणि ही खोच एका वाक्यात लिहा.

गोदातीर

आराखडा उत्तम. समाप्तीबद्दल मात्र एक गोष्ट तुझ्या कानावर घालतो, म्हणजे ‘अवतार संपतो’ हे वाक्य फार ठाम लिहिणार नाहीस.

रामानुजांच्या परंपरेत भगवंताची पाच रूपं मानतात. त्यात राम-कृष्ण हे ‘विभव’ आणि देवळातली मूर्ती हा ‘अर्चावतार’. अवतार, प्रतीक नव्हे. तेराव्या शतकातले पिल्लै लोकाचार्य पाचही रूपांना पाण्याची उपमा देतात. विभव म्हणजे नदीला आलेला पूर. त्या वेळी काठावर होते त्यांची तहान भागली, नंतर पूर ओसरला. आणि अर्चा म्हणजे पूर ओसरल्यावर नदीच्या पात्रात राहिलेले डोह. ज्याला केव्हाही तहान लागेल त्याने यावं.

पंढरपूरला अठ्ठावीस युगं विटेवर उभा असलेला कोणत्या खात्यात जातो, याचा विचार तूच कर.

बावखल

हे मी पहिल्यांदाच ऐकलं आणि दोनदा वाचलं. आमच्या वसईत वाडीवाडीत बावखलं होती, गोड्या पाण्याची, माझं इथलं नाव त्यावरूनच आहे. वाचताना कम्युनियन, म्हणजे मिस्सात भाकरीच्या रूपाने ख्रिस्ताचं शरीर घेणं, आठवणं अपरिहार्य होतं.

तरी माझं पूर्ण जमत नाही. डोह म्हणजे पूर गेल्यावर उरलेलं पाणी. आमच्याकडे भाकरीत येतो तो मागे उरलेला नाही. जो मेला आणि उठला तोच, आत्ता. पूर ओसरला असं आम्ही म्हणत नाही.

गोदातीर

रामानुजांच्या परंपरेतले श्रीवैष्णवही म्हणणार नाहीत की डोहातलं पाणी दुसरं आहे. मूर्तीचा देह त्यांच्या लेखी दगड राहतच नाही, तोही अप्राकृतच. तुम्ही भाकरीबद्दल जे मानता त्याच्या हे बरंच जवळ येतं.

बावखल

जवळ येतं. पण त्या दगडाला भाल्याची जखम नाही, गोदातीर. माझं घोडं तिथेच अडतं.

मीरा_कृष्णाकाठ

माझ्याकडे ३००० शब्दच आहेत आणि २६०० झाले. डोहांची उपमा शेवटच्या परिच्छेदात घालते, बावखल यांच्या हरकतीसकट. सर, लोकाचार्यांच्या त्या वचनाचं मूळ तमिळ आहे की संस्कृत?

गोदातीर

तमिळ-संस्कृत मिश्रित, मणिप्रवाळ म्हणतात ती भाषा. पुराला तिथे ‘पेरुक्काऱु’ आणि डोहांना ‘मडुक्कळ्’ असे शब्द आहेत.